आधी ‘घ्या’, मग ‘बोला’

गोड बोलण्यावरून घरात दोन दिवस भांडण होऊ शकतं हे मला यंदाच्या संक्रांतीला कळलं. झालं असं की काट्या नावाची माझी एक जर्मन मैत्रीण आहे, तीन वर्षं आमच्याच मजल्यावर राहायला होती, आता लाइपझिगला परत गेलीय, तिला मी तिळाच्या वड्या पाठवल्या. पार्सल भरताना डब्यावर चिठ्ठी लिहायचं काम पुतण्याकडे होतं आणि त्याने सरळ लिहून टाकलं, ‘ईट तिळगूळ अँड टॉक स्वीटली’. संक्रांतीच्या दोन दिवस आधी काट्याचा मेसेज आला: वड्या पोचल्या, मस्त आहेत, दात शाबूत आहेत, पण एक विचारू का, मी तुला कधी काही लागेल असं बोलले का?

मी आधी हसले. मग लक्षात आलं की तिचं काही चुकलं नव्हतं. तुम्हाला कोणी परदेशातून चॉकलेटचा डबा पाठवला आणि वर लिहिलं की हे खा आणि जरा नीट बोलत जा, तर तुम्ही काय समजाल? मी घरच्या ग्रुपवर विचारलं की हिला आता काय समजावून लिहू, आणि तिथे जी चर्चा झाली ती इतकी भलत्या दिशेला गेली की हा लेख लिहायला बसले. आमचे काका म्हणाले तिला सायन्स सांग, थंडीत तीळ उष्ण असतात, गुळात लोह असतं, आपल्या पूर्वजांनी विचार करून ठेवलाय. भाची कॉलेजात सोशिऑलॉजी शिकते, ती म्हणाली काही पाठवूच नकोस, ‘गोड बोला’ म्हणजे ज्याला राग यायला कारण आहे त्याला गप्प बसवायची पद्धत आहे. आणि मामींचं म्हणणं, अगं हे ट्रान्सलेट होत नाही, तिला सांग की इट मीन्स हॅपी संक्रांती, विषय संपला.

माझं म्हणणं असं आहे की तिघांनीही वाक्याचा दुसराच अर्धा धरलाय. सगळे ‘बोला’वर अडलेत आणि वाक्य तर ‘घ्या’ने सुरू होतं. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. आधी मी काहीतरी देते, माझ्या हाताने, तुमच्या हातावर, आणि मग त्याच्या बदल्यात एक गोष्ट मागते. बाकी आपल्या सणांच्या शुभेच्छा बघा, शुभ दिवाळी, दसऱ्याच्या शुभेच्छा, नवीन वर्ष सुखाचं जावो, यात समोरच्या माणसाला काही करायचंच नसतं, त्याने फक्त ‘तुम्हालाही’ म्हणायचं. दसऱ्याचं ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ सोडलं तर तिळगूळ हा जवळपास एकच असा ग्रीटिंग आहे ज्यात आज्ञार्थी दोन क्रियापदं आहेत आणि दोघांमध्ये एक वस्तू आहे. हा दोन माणसांमधला छोटासा करार आहे. काट्याला हा करार समजावायचा होता आणि पुतण्याच्या चिठ्ठीतून नेमका तोच गळला होता.

आता काकांचं सायन्स घेऊ, कारण ते अगदीच खोटं नाही. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं, थंडीत अंगाला तेल लागतं, नोव्हेंबरपासून उसाची गुऱ्हाळं चालू झालेली असतात म्हणून नवा गूळ बाजारात आलेला असतो, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करतात ती पण त्याच हंगामामुळे. हे सगळं मान्य. पण मग पंजाबात लोहरीला रेवडी आणि गजक खातात, बिहारात गयेचं तिळकूट प्रसिद्ध आहे, तिकडे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तीळ तेच, गूळ-साखर तीच, मग तिथे तिळकूट हातावर ठेवताना गोड बोला असं का म्हणत नाहीत? उष्णतेने तीळ समजतात, वाक्य समजत नाही. आणि जिथे असं वाक्य आहे ते आपल्या शेजारीच आहे, कर्नाटकात. तिथे तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळं एकत्र करून वाटतात आणि म्हणतात, एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि. तीळगूळ खाऊन चांगलं बोला. सोलापूर-बेळगावकडच्या लोकांना दोन्ही वाक्यं लहानपणापासून पाठ असतात. कानडीत ‘ओळ्ळे’ म्हणजे चांगलं, भलं, तिथे गोडाचा प्रश्नच येत नाही. म्हणजे शेजाऱ्याने तोच करार केला पण अट थोडी वेगळी घातली आणि खरं सांगू, मला त्यांची अट जास्त सोपी वाटते, कारण चांगलं बोलणं म्हणजे काय ते जगात कोणालाही समजतं. गोडाची भानगड अशी आहे की ते जगभर संशयास्पद आहे.

कारण गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल मराठीत काय म्हणतात ते आठवा. गोडबोल्या. साखरपेरणी करतो. गोड बोलून गळा कापला. ओठात एक पोटात एक. एकही शब्द कौतुकाचा नाही. मुलीसाठी स्थळ बघायला गेलेल्या माणसाने येऊन सांगितलं की मुलगा फार गोड बोलतो, तर आई लगेच विचारते, का हो, काय लपवतोय? आता काट्याच्या भाषेत बघा. जर्मनमध्ये खुशमस्करी करण्याला म्हणतात ज्येष्ठमध किसणं, झ्यूसहोल्त्स रास्पेल्न, आणि दुसरा वाक्प्रचार आहे एखाद्याच्या दाढीला मध लावणं, तो पण लाडीगोडीचाच. इंग्लिशमधलं स्वीट टॉक म्हणजे तर गोड बोलून काम काढून घेणंच. पुतण्याने लिहिलेलं इंग्लिश शब्दाला शब्द बरोबर होतं आणि तरीही काट्यापर्यंत जे पोचलं ते साधारण असं होतं की हे खा आणि आमची खुशमस्करी कर. ती बिचारी विचारात पडली यात नवल काय?

मग जी भाषा गोडबोल्याला एवढं ओळखून आहे तीच भाषा वर्षातून एकदा दारोदार जाऊन गोड बोला का म्हणते? मला वाटतं उत्तर त्या द्विरुक्तीत आहे. ‘गोड बोला’ आणि ‘गोड गोड बोला’ यात फरक आहे. मोठ्या माणसाच्या तोंडी गोड गोड म्हणजे खोटं खोटं असतं, पण लहान मुलाच्या तोंडी गार गार वारा, लांब लांब शेपूट, गोड गोड खाऊ असतं. हे वाक्य मुळात मुलांच्या बोलण्यातलं आहे. आणि त्याला पुढची ओळ आहे जी मोठे झाल्यावर आपण खाऊन टाकतो, आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका. ही ओळ धरली की सगळं सरळ होतं. गोड बोलणं म्हणजे काय तर न भांडणं, बोलणं बंद न करणं. स्तुती करा असं कोणी म्हणतच नाहीये. आमचा तिळगूळ सांडू नका यात तर देणाऱ्याची भीती आहे, की मी हात पुढे केला आणि तुम्ही झटकला तर? माझ्या मते सगळ्या वाक्यातला सर्वात खरा भाग तोच आहे.

इथे भाचीचा मुद्दा येतो आणि तो या सगळ्या वादातला सर्वात वजनदार मुद्दा आहे, त्याला मी टाळणार नाही. ती म्हणते, गोड बोलायची अपेक्षा कोणाकडून असते ते बघ. सुनेकडून असते, सासूकडून तेवढी नसते. कामवाल्या मावशी पगार वाढवून मागतात तेव्हा त्यांचा आवाज चढला असं म्हणतात, मालकिणीचा कधी चढत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो गोड शब्दांत मांडावा अशी अट घातली की अन्याय करणाऱ्याचं निम्मं काम झालं. हे खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. आणि पुढे ती म्हणते की संक्रांतीचं हळदीकुंकूच बघ, तिथे कितीतरी वर्षं विधवेला बोलवत नव्हते, अजूनही किती घरांत बोलवतात ते मोजून सांग, मग कोणी कोणाशी गोड बोलायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त मान खाली घालणं आहे. पायाशी बसलेल्या माणसाच्या हातचं पाणीही न चालणाऱ्या गावात तिळगूळ कोणाकडून कोणाकडे जात होता हाही प्रश्न तिने विचारला नसता तर मी विचारला असता.

पण म्हणून वाक्य टाकून द्यायचं का? इथे मला 1852 सालचं पुणं आठवतं. सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळ काढलं होतं, कलेक्टरची बायको मिसेस जोन्स त्याची अध्यक्ष आणि सावित्रीबाई चिटणीस. त्या वर्षी जानेवारीत मंडळाने तिळगूळ समारंभ ठेवला आणि निमंत्रणातच सांगून टाकलं की कुठल्याही जातीच्या आणि धर्माच्या बायका असोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेद न करता हळदीकुंकू लावलं जाईल. विचार करा, ज्या शहरात शाळेत जाताना या बाईंच्या अंगावर शेणमाती फेकली जात होती त्या शहरात त्या हे करतायत, आणि निमित्त कुठलं निवडलं तर संक्रांतीचं. सावित्रीबाईंना काय गोड बोलून गप्प बसायचं होतं? त्यांनी ते वाक्य उलट दुसऱ्या टोकाने धरलं. गोड बोलायचं असेल तर आधी माझ्या हातचं घ्या, आणि घ्यायचं असेल तर आधी या जाजमावर बसा. भाची ज्या भेदाबद्दल बोलते तो भेद ‘घ्या’ या शब्दापाशीच अडतो, ‘बोला’पर्यंत पोचतच नाही. आणि जाता जाता, त्या समारंभात एक परदेशी बाई अध्यक्ष होत्या, म्हणजे परक्या मैत्रिणीला तिळगुळाचा अर्थ समजावून सांगायची वेळ काही आमच्यावर पहिल्यांदा आलेली नाही, त्यांना कोणी काय सांगितलं असेल हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

आता करार आणि हुकूम यात फरक कसा ओळखायचा? माझी खूण साधी आहे. हुकूम उलटून परत येत नाही, तिळगूळ येतो. मी तुम्हाला म्हणते घ्या, गोड बोला, तुम्ही तुमच्या डबीतला मला देता आणि तेच वाक्य तसंच्या तसं म्हणता. धाकटा देतो, पाया पडतो, मोठा घेतो आणि त्याच्या हातावर ठेवत म्हणतो घे रे, गोड बोल. ‘घ्या’चं ‘घे’ झालं, ‘बोला’चं ‘बोल’ झालं, मान आपापल्या जागी राहिला, पण अट दोघांनाही सारखीच लागू झाली. शाळेतल्या बाईंना आम्ही पोरं ‘गोड बोला’ म्हणायचो, वर्षभर ज्यांच्या ओरडण्याला घाबरायचो त्यांना, आणि त्या ते ऐकून घ्यायच्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे खपलं असतं का? आणि जिथे नुसताच हुकूम आहे तिथे काय असतं तेही बघा. चौकात फ्लेक्स लागतो, साहेबांचा फोटो, खाली ‘तिळगूळ घ्या गोड गोड बोला’, साहेबांच्या हातात तिळगूळ नाही, तुम्ही देऊ शकता अशी सोय नाही, फक्त बोला आहे. ऑफिसात बॉसने अप्रेजलच्या महिन्यात तोच फोटो फॉरवर्ड केला तर तो भाची म्हणते तसा गप्प बसवण्याचाच प्रकार आहे. म्हणजे तिचा आक्षेप बरोबर आहे, पण तो तिळगूळ नसलेल्या वाक्याला लागू आहे.

दुसरा एक आक्षेप घरातून आला तो आमच्या मोठ्या भावाचा, तो एरवी ग्रुपवर काही बोलत नाही. तो म्हणाला, काय त्याचं एवढं, जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊ पण संक्रांतीला एकमेकांना तिळगूळ देतात आणि दुसऱ्या दिवशी तारखेला उभे राहतात. हे मान्यच आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला तर आपण किंक्रांत म्हणतो, करिदिन, त्या दिवशी शुभ काही करायचं नाही, म्हणजे ज्यांनी हा सण बसवला त्यांनाही गोडीची मुदत किती असते त्याचा अंदाज असावा. मराठीत तर ‘संक्रांत’ हा शब्दच संकटाचा आहे, अमक्यावर संक्रांत आली, नोकरीवर संक्रांत कोसळली. पंचांगात संक्रांतीच्या देवीचं चित्र असतं, ती कुठल्या वाहनावर बसलीय, कुठे बघतेय, आणि ती जे वापरते ते महाग होणार म्हणून लोक धसका घेतात. हा दिवस काही सगळं गोड आहे असं समजून साजरा करत नाहीत. सगळं गोड असतं तर ‘भांडू नका’ म्हणायची गरज काय होती?

पण भावाला मी आमच्याच घरातली गोष्ट आठवून दिली. आमची आई आणि आत्या दोन वर्षं बोलत नव्हत्या. कारण काय तर आजीचा पितळी डबा, आजी गेल्यावर तो कोणी न्यायचा. डबा तसा काही खास नव्हता, पण तो वाद हळूहळू पसरत लग्नातल्या मानापानापर्यंत मागे गेला. दोघींपैकी कोणी माफी मागणं शक्यच नव्हतं, कारण आपल्या घरांमध्ये माफी मागायची भाषाच नाही. ‘मला क्षमा कर’ असं कोणी स्वैपाकघरात उभं राहून म्हणालं तर समोरचा हसेल. म्हणून तर आपण सॉरी हा शब्द उचलला आणि तो पण फक्त धक्का लागल्यावर म्हणायला. तर त्या संक्रांतीला आईने स्टीलच्या छोट्या डबीत आठ लाडू भरले, मला फ्रॉक घातला आणि म्हणाली, आत्याकडे जा, डबी दे, नमस्कार कर, आणि म्हण काय म्हणायचं ते. मी गेले. आत्याने दार उघडलं, डबीकडे बघितलं, मी ते वाक्य भराभर म्हणून टाकलं सांडू नका भांडू नकापर्यंत, आणि ती काही न बोलता आत गेली. मला वाटलं आता डबी फेकून देते की काय. ती परत आली तेव्हा डबीत तिच्या वड्या होत्या, कारण शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत हे तिला रागापेक्षा जुनं होतं. आईने ती डबी उघडली आणि म्हणाली, पाक पुढे गेलाय हिचा, नेहमीसारखाच. दोन वर्षांत आत्याबद्दल तिने काढलेलं ते पहिलं साधं वाक्य होतं. पितळी डबा अजूनही आत्याकडेच आहे, त्याचा निकाल लागलेला नाही, पण रविवारी फोन होतो.

आणि पाक पुढे जाणं ही काय भानगड आहे तेही सांगून टाकते कारण काट्याने पण विचारलं की वड्या करायला अवघड असतात का. अवघड नसतात, पण लक्ष लागतं. मी दोन वाट्या तिळाला दोन वाट्या चिक्कीचा गूळ आणि एक वाटी दाण्याचं कूट घेते. तीळ मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले आणि रंग किंचित बदलला की उतरवायचे, नाहीतर कडू होतात आणि मग कितीही गूळ घाला तो कडूपणा जात नाही. गुळाचा पाक करताना वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकून बघायचा, मऊ गोळी झाली तर लाडू, कडक होऊन ताटलीत टाकल्यावर टणकन वाजली तर कुरकुरीत वडी. त्याच्याही पुढे गेला तर दगड. साध्या गुळाची कडक वडी नीट होत नाही, ती चिवट होते, म्हणून चिक्कीचा गूळ. एरवी मी ताटाला तूप लावते, पण काट्याच्या वड्यांना तेल लावलं कारण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे आणि तूप त्यात येतं, पार्सलवाल्याने आधीच बजावलं होतं. तो म्हणाला तिळावर पण लेबल लावा, कारण युरोपात अन्नावर जी ॲलर्जीची यादी छापावी लागते त्यात तीळ आहेत. अमेरिकेत पण 2023 पासून तीळ त्या यादीत आले.

आणि इथेच मला पुतण्याच्या चिठ्ठीतली सर्वात मोठी चूक सापडली. त्याने ‘ईट’ लिहिलं होतं. आपण ‘खा’ म्हणत नाही, ‘घ्या’ म्हणतो. डायबेटिसवाले आजोबा हलव्याचा एक दाणा घेतात, कपाळाला लावतात, नातवाच्या हातावर ठेवतात, त्यांचा तिळगूळ झाला. उपास असेल तर लोक खिशात ठेवतात. आमची आजी पाकिटात पत्राबरोबर हलव्याचे चार दाणे पाठवायची, पोस्टाचा शिक्का बसून त्याचा चुरा व्हायचा आणि पाकीट उघडल्यावर मांडीवर साखर सांडायची, तोही तिळगूळ झाला, कोणी खाल्ला नाही तरी. तिळाची ॲलर्जी असलेला माणूसही बंद डबी हातात घेऊ शकतो. घेणं महत्त्वाचं कारण घेतल्याशिवाय अट लागू होत नाही. खाणं ही ज्याच्या त्याच्या पोटाची गोष्ट आहे.

राहिल्या मामी, की हे ट्रान्सलेट होतच नाही. त्यांचं अर्धं मान्य. ‘तिळगूळ’ हा शब्द तसाच ठेवायचा, त्याला तीळ आणि गुळाचं काहीतरी लांबलचक इंग्लिश नाव दिलं की ते औषधासारखं वाटतं. पण बाकीच्या वाक्याला अनुवाद होत नाही म्हणून सोडून देणं हा आळस आहे. प्रत्येक भाषेत वस्तू देऊन काहीतरी मागायची पद्धत कुठे ना कुठे असते. काट्याच्याच देशात नवीन घरात गेलेल्या माणसाला ब्रेड आणि मीठ देतात, घरात कधी कमी पडू नये म्हणून. ज्यू लोक त्यांच्या नववर्षाला सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात आणि म्हणतात वर्ष चांगलं आणि गोड जावो. मात्र ते गोडी येणाऱ्या वर्षाकडे मागतात, म्हणजे देवाकडे. आपण समोरच्या माणसाकडे मागतो. हा फरक सांगितला की परक्या माणसाला मुद्दा एका मिनिटात कळतो, आणि नुसतं हॅपी संक्रांती लिहिलं तर दहा वर्षांतही कळणार नाही. उत्तरायण वगैरे मी लिहिलंच नाही, कारण तिने लगेच विचारलं असतं की सूर्य तर डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच उत्तरेकडे वळतो मग तुमचं 14 जानेवारीला काय, आणि मग मला सगळी अयनांशाची कथा, म्हणजे संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे कशी सरकते ती, लिहायला लागली असती, विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, तेव्हा संक्रांत त्या दिवशी होती, इथपर्यंत. सणाचा अर्थ सांगताना सगळं पंचांग सांगायची काही गरज नसते.

शेवटी मी तिला जे लिहिलं ते मराठीत साधारण असं होतं. काट्या, तू काही वाईट बोलली नाहीस. आमच्याकडे या दिवशी प्रत्येक जण प्रत्येकाला हा खाऊ देतो, ज्यांच्याशी पटतं त्यांना आणि ज्यांच्याशी पटत नाही त्यांनाही, आणि देताना जे वाक्य म्हणतो त्याचा अर्थ असा की हे माझ्याकडून घे, आणि वर्षभरात आपल्यात काही कडू झालं असेल किंवा पुढे होणार असेल तरी आपण बोलणं बंद करायचं नाही. खोटी स्तुती करायची नाहीये, मनात आहे ते सांगायचंच, फक्त दार आपटायचं नाही. हे वाक्य तू मला परत म्हणायचंस, कारण ते मलाही लागू आहे. खाल्लं नाहीस तरी चालेल, पण घेतलंस की झालं. आणि डब्यातल्या थोड्या वड्या दुसऱ्या कोणाला तरी दे.

ग्रुपवर हे टाकलं तर काका म्हणाले लोह राहिलं. भाचीने ‘दार आपटायचं नाही’च्या खाली लिहिलं की कधी कधी आपटावं लागतं, आणि मी त्यावर वाद घातला नाही कारण सावित्रीबाईंनीही गरज पडली तेव्हा दारं आपटलीच होती, उघडण्याआधी.

काट्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांच्याशी तिचं सहा महिने वाजलेलं आहे, तिने रविवारी भिंतीला ड्रिल लावलं होतं आणि जर्मनीत रविवार म्हणजे शांतता, त्यांनी लेखी तक्रार केली, तिने जिन्यात उभं राहून सुनावलं, तेव्हापासून दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करतात. तिने त्यांना दोन वड्या कागदात बांधून नेऊन दिल्या आणि ते वाक्य जर्मनमध्ये म्हणून दाखवलं, सांडू नका सकट. त्यांनी पुडी घेतली, थँक्स म्हणाले, आणि दार लावून घेतलं, हळू. परत काही दिलं नाही, काही बोलले नाहीत. आता काय समजायचं, तिने विचारलं, झालं की नाही झालं?

मी कळवलं, घाई करू नकोस, रथसप्तमीपर्यंत चालतं.